होडीवरच्या विंचच्या मोटरला शंटने ओव्हरलोडपासून कसं वाचवायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बहुतेक उत्तरं एकाच जोडणीभोवती फिरतात. मोटरच्या तारेत शंट बसवून प्रवाह मोजायचा, त्याच्यावर पडणारे मिलिव्होल्ट अॅम्प्लिफायरने वाढवून अर्डुइनोला द्यायचे, आणि प्रवाह फार वेळ जास्त राहिला की अर्डुइनोने विंच बंद करायची. हर्णै बंदरातली एक फायबरची होडी, तिच्यावर नांगर आणि जाळं ओढायला १२ व्होल्टची छोटी विंच, आणि आउटबोर्ड इंजिनवर चार्ज होणारी लेड-अॅसिड बॅटरी. मोटरच्या पाटीवर पूर्ण भाराला ३० अँपिअर लिहिलंय. प्रत्यक्षात विंच मोकळी फिरताना ६ अँपिअर घेते, जाळं ओढताना १८ ते २२. नांगर खडपात अडकला आणि मोटर जागच्या जागी थांबली की चांगल्या बॅटरीवर ९० अँपिअरपर्यंत जाते. तुमच्या विंचचे आकडे वेगळे असतील. ते स्वतः मोजा आणि खालच्या हिशेबात घाला. होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्जपंपाचा प्रश्न शेवटी वेगळा घेतलाय, कारण तिथे नियम उलटे होतात.

फ्यूज आहे ना, मग हे सगळं कशाला?

फ्यूज तार जळू नये म्हणून असतो. मोटरची त्याला काळजी नसते. गाडीत लागतो तो पात्याचा ४० अँपिअरचा फ्यूज घ्या. त्यातून ५४ अँपिअर, म्हणजे ३५ टक्के जास्त, प्रवाह गेला तर तो पाऊण सेकंदात उडेल किंवा दहा मिनिटं तग धरेल. दोन्ही गोष्टी त्याच्या मानकात बसतात. तेवढ्या वेळात थांबलेल्या मोटरच्या वाइंडिंगचं वार्निश करपून जातं. उलट ३० चा फ्यूज लावला तर कामाच्या मधेच कधीतरी उडतो आणि वैतागून कोणीतरी तिथे तारेचा तुकडा बांधतो. किनाऱ्यावर असे तुकडे भरपूर दिसतात.

फ्यूज काढायचा नाहीच. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जितक्या जवळ बसवता येईल तितक्या जवळ, तारेच्या जाडीला शोभेल असा हवा. शंटचं सर्किट त्याच्या जोडीला असतं, जागी नव्हे.

मोटर गरम झाली की थर्मल स्विच तोडतो, ते पुरेसं नाही का?

पंपाच्या बंदिस्त मोटरमध्ये तो आतच बसवलेला असतो आणि चांगलं काम करतो. विंचमध्ये तो बहुतेक वेळा नसतो किंवा बाहेरच्या पत्र्याला चिकटवलेला असतो. मोटर अडकली की उष्णता आर्मेचरच्या तांब्यात आणि ब्रशखालच्या एकाच जागी जन्मते. बाहेरचा पत्रा तापेपर्यंत आतला कम्यूटेटर काळा पडलेला असतो. प्रवाह मात्र त्याच क्षणी खरं सांगतो. कायम चुंबकाच्या डीसी मोटरमध्ये प्रवाह म्हणजे जवळपास थेट दोरावरचा ओढ, आणि तांब्यातली उष्णता त्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० वरून ४० वर गेलात की उष्णता चौपट.

शंट म्हणजे नक्की काय, आणि कितीचा घ्यायचा?

ज्याचा रोध अगदी कमी, माहीत असलेला आणि तापल्यावरही फारसा न बदलणारा आहे असा धातूचा तुकडा. चांगल्या शंटमध्ये मँगनिन असतं. तांब्याची जाड तार वापरून काम भागवायचं म्हटलं तर भागत नाही, कारण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सकाळी आठला आणि दुपारी दोनला तीच तार १० टक्के वेगळा आकडा दाखवू शकते.

इलेक्ट्रिकच्या दुकानात पितळी ठोकळ्यांचा ‘५० अँपिअर ७५ मिलिव्होल्ट’ शंट मिळतो, तोच मी या होडीवर धरलाय. त्याचा रोध १.५ मिलिओहम. ३० अँपिअरला त्याच्यावर ४५ मिलिव्होल्ट पडतात, ९० ला १३५. जाळं ओढताना २० अँपिअरला त्यात ०.६ वॉट उष्णता होते, ती हवेत निघून जाते. ९० अँपिअरला १२ वॉट होते, पण तिथे आपण अर्ध्या सेकंदात तोडणार आहोत. असे शंट सतत चालवायचे तर पाटीवरच्या आकड्याच्या दोन-तृतीयांशपर्यंतच चालवावेत. ५० चा शंट म्हणजे सतत ३३, आपल्या ३० ला तो पुरतो.

त्याला चार स्क्रू असतात. दोन मोठे जाड तारांचे, दोन लहान मोजमापाच्या बारीक तारांचे. बारीक तारा मोठ्या स्क्रूखाली लग्जसोबत दाबायच्या नाहीत. खाऱ्या हवेत लग आणि ठोकळा यांच्यात हिरवा थर येतो आणि अर्ध्या मिलिओहमचाही जोड मधे आला तर आपलं वाचन एक-तृतीयांशने फुगतं. ३० अँपिअर असताना यंत्र ४० दाखवतं आणि विंच उगाच बंद पडते. ‘सर्किट बिघडलं’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं.

शंट पॉझिटिव्हच्या तारेत लावायचा की निगेटिव्हच्या?

निगेटिव्हमध्ये लावणं सोपं आणि स्वस्त, म्हणून यूट्यूबवरच्या जोडण्यांत तसंच दाखवतात. होडीवर मात्र पॉझिटिव्हमध्येच लावा. आउटबोर्डचा ब्लॉक बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो आणि विंचचा लोखंडी सांगाडा बोल्टाने, साखळीने किंवा ओल्या बांधणीतून कुठे ना कुठे त्याच्याशी भिडतो. उद्या मोटरकडे जाणारी पॉझिटिव्ह तार घासून सांगाड्याला लागली तर तो प्रवाह सांगाड्यामार्फत परत जाईल, निगेटिव्हमधल्या शंटला पत्ताही लागणार नाही. बॅटरीपाशी पॉझिटिव्हमध्ये बसवलेल्या शंटमधून तो जातोच.

दुसरं असं की विंच उलटी-सुलटी फिरते. उलटवणारे सोलेनॉइड मोटरपाशी असतात. शंट त्यांच्या आधी, बॅटरीकडच्या बाजूला बसवला की नांगर ओढताना आणि सोडताना प्रवाहाची दिशा शंटमध्ये तीच राहते, आणि अॅम्प्लिफायरला दोन्ही दिशा मोजाव्या लागत नाहीत.

घरात पडलेल्या LM358 ने काम होईल का?

या कामाला नको. कारण ऐकायला बारीक आहे, पण सगळं काम त्यावरच उभं आहे. LM358 च्या दोन इनपुटमध्ये जन्मतःच थोडा फरक असतो. साधारण २ मिलिव्होल्ट, आणि वाईट नग हाती आला तर ७. आपला शंट एका अँपिअरला फक्त दीड मिलिव्होल्ट देतो. म्हणजे विंच बंद असताना हा अॅम्प्लिफायर सव्वा ते साडेचार अँपिअरची थाप मारू शकतो, आणि ती तापमानाबरोबर सरकते. शिवाय पॉझिटिव्हमधला शंट १२ ते साडेचौदा व्होल्टवर तरंगत असतो. साध्या ऑप-अॅम्पला त्याच्या स्वतःच्या ५ व्होल्टच्या सप्लायवरून ते दिसतच नाही.

यासाठीच बनवलेले करंट-सेन्स अॅम्प्लिफायर मिळतात. मी INA240A1 धरतो. त्याची चूक जास्तीत जास्त २५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे आपल्या शंटवर एका अँपिअरचा साठावा भाग. इनपुटला ८० व्होल्टपर्यंत सहन करतो, त्यामुळे सोलेनॉइड सुटताना येणारे झटके त्याला लगेच मारत नाहीत. INA180 स्वस्त आहे आणि एक-तृतीयांश अँपिअरची चूक चालत असेल तर तोही चालेल, पण तो २६ व्होल्टपर्यंतच. होडीवर झटका तेवढा सहज जातो.

A1, A2, A3, A4 यातला कोणता?

ते फक्त किती पट वाढवायचं त्याचे आकडे आहेत : २०, ५०, १०० आणि २०० पट. जास्त पट म्हणजे जास्त अचूक असं वाटून लोक A3 मागवतात आणि फसतात. आपल्याला मोटर अडकल्याचे ९० अँपिअरसुद्धा दिसायला हवेत. ते १३५ मिलिव्होल्ट २० पट केले की २.७ व्होल्ट होतात, ५ व्होल्टच्या आत आरामात. ५० पट केले तर पावणेसात व्हायला हवेत. अॅम्प्लिफायर ५ च्या जवळ जाऊन डोकं टेकवतो. मग ६६ च्या पुढे ७० काय आणि १०० काय, सगळं सारखंच दिसतं. २० पटीत एका अँपिअरला ३० मिलिव्होल्ट मिळतात. अर्डुइनोची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे सुमारे ०.१६ अँपिअर. विंचला याहून बारीक मोजून काही हाती लागत नाही.

जोडणी सांगा, नेमकी.

शंटच्या लहान स्क्रूंपासून दोन बारीक तारा एकमेकींत पिळून घ्या, आणि अॅम्प्लिफायरची पाटी शंटपासून वीतभराच्या आत ठेवा. प्रत्येक तारेत शंटच्या टोकाशीच एक १० ओहमचा, १ टक्क्याचा रेझिस्टर. त्याचं काम दुहेरी. पाटीपाशी त्यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की ब्रशच्या ठिणग्यांचा गोंधळ गळून जातो. आणि बारीक तार कुठे निगेटिव्हला चिकटली तर बॅटरीचा सगळा जोर तारेवर न येता तो रेझिस्टर जळतो. दोन्ही रेझिस्टर सारखेच हवेत आणि १० हून मोठे नकोत, कारण INA240 इनपुटमधून थोडा प्रवाह ओढतो आणि रेझिस्टरमधला फरक वाचनात चूक म्हणून उतरतो.

अॅम्प्लिफायरचे REF1 आणि REF2 दोन्ही ग्राउंडला. आउटपुटपासून १ किलोओहम, मग ग्राउंडकडे १ मायक्रोफॅरड, आणि त्या सांध्यावरून अर्डुइनोच्या A0 ला. विंच सुरू होताना बॅटरी क्षणभर ९ व्होल्टपर्यंत खाली येते. अर्डुइनो आणि अॅम्प्लिफायरला ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ ला आउटपुटपेक्षा दोनेक व्होल्ट जास्त लागतात, म्हणून तो तगतो, पण सप्लायच्या तारेत एक डायोड आणि नंतर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तरच निर्धास्त राहावं.

तोडायचं काय? मोटरची तार नाही. सोलेनॉइडच्या कॉइलला जाणारी तार तोडा. तिच्यात दोनचार अँपिअर असतात, त्याला छोटा रिले पुरतो, आणि मोठा प्रवाह तोडायचं काम ज्याचं आहे तो सोलेनॉइड ते करतो. कॉइलवर उलटा डायोड विसरू नका.

किती अँपिअरवर तोडायला लावू?

या प्रश्नाला एक आकडा हे उत्तर नाही, आणि इथेच बहुतेक घरगुती सर्किट फसतात. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी ती थांबलेलीच असते, म्हणून तेव्हाही ९० च्या आसपास प्रवाह जातो. ५० वर लगेच तोडणारा कंपॅरेटर लावला तर विंच कधी सुरूच होणार नाही. मर्यादा १०० वर नेली तर अडकलेली मोटर कधी पकडलीच जाणार नाही. सुरू होणं आणि अडकणं यांत फरक असतो तो वेळेचा.

म्हणून दोन नियम ठेवा. पहिला : ६० च्या वर सलग अर्धा सेकंद गेला की तोड. चांगली विंच तेवढ्यात फिरायला लागून प्रवाह खाली आलेला असतो. दुसरा नियम उष्णतेचा. तळाला भोक असलेली बादली डोळ्यांसमोर आणा. प्रवाहाचा वर्ग ३० च्या वर्गापेक्षा जितका जास्त, तेवढी बादलीत भर पडते. ३० च्या खाली ती हळूहळू रिकामी होते. काठोकाठ भरली की तोड.

```
float H = 0;
int fast = 0;

void everyTenMs(float I) {
  float d = I * I - 900.0;
  if (d < -100.0) d = -100.0;
  H += d * 0.01;
  if (H < 0) H = 0;
  fast = (I > 60.0) ? fast + 1 : 0;
  if (H > 22500.0 || fast > 50) trip();
}
```

I म्हणजे प्रवाह, H म्हणजे बादलीतली पातळी, ९०० म्हणजे ३० चा वर्ग. ४५ अँपिअरवर दर सेकंदाला २०२५ वजा ९००, म्हणजे ११२५ ची भर पडते, आणि २२५०० व्हायला २० सेकंद लागतात. जाळं जड आलंय आणि दोघं जण हात लावताहेत, तेवढा वेळ त्यांना मिळतो. ५५ वर साडेदहा सेकंद मिळतात.

उणे १०० ची ओळ काढून टाकू नका. ती नसेल तर विंच बंद केल्यावर हिशेब २५ सेकंदांत शून्यावर येतो, पण खरी मोटर एवढ्यात गार होत नाही. त्या ओळीमुळे पावणेचार मिनिटं लागतात. आणि अर्डुइनोचा सप्लाय विंचच्या स्विचनंतर घेऊ नका. तसं केलं तर तोडल्यावर कोणीही स्विच बंद-चालू करेल, H शून्य होईल, आणि तापलेल्या मोटरला यंत्र नवी कोरी समजेल.

जोडल्यावर पहिल्या आठवड्यात ठीक होतं, मग अडकल्यावर तोडेनासं झालं. का?

बॅटरी बघा. मोटर अडकल्यावरचा प्रवाह म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज भागिले वाटेतला सगळा रोध : बॅटरीच्या आतला, तारांचा, लग्जचा, ब्रशचा. बॅटरी अर्धी उतरली आणि लग्जवर मीठ चढलं की जिथे ९० यायचे तिथे ५५ च येतात. मग ६० चा नियम कधीच लागू होत नाही. मोटर अडकलेलीच, पण यंत्राच्या दृष्टीने ती फक्त जड काम करतेय. तेव्हा बादलीचा नियम साडेदहा सेकंदांत तोडतो. फक्त पहिलाच नियम घालून सोडलेल्या जोडणीत तोडणारं कोणी उरत नाही. जवळ वेगमोजणीचा सेन्सर नसेल तर हे दोन नियम एकत्र असायलाच हवेत.

वाचन बरोबर आहे हे कसं तपासू?

गाडीच्या हेडलाइटचे बल्ब हा सर्वांत सोयीचा भार. १२ व्होल्टचा ५५ वॉटचा एक बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो. चार बल्ब समांतर लावले की अठराच्या आसपास. नेमका आकडा डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने घ्या. स्वस्त क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी मोजतात आणि डीसीवर निमूट शून्य दाखवतात, म्हणून विकत घेण्याआधी डायलवर अँपिअरच्या A शेजारी सरळ रेघेची खूण आहे का ते बघा. शून्य आणि अठरा असे दोन बिंदू जुळले की पुढचं सरळ रेषेत जातं.

अडकल्यावरचा प्रवाह मोजायचा असेल तर होडी ओढून वर ठेवलेली असताना, दोर ताणाला बांधून, एका सेकंदापेक्षा कमी वेळ. दोराच्या रेषेत कोणीही उभं राहू नये. तुटलेला दोर त्याच रेषेत परत येतो.

यंत्रच बिघडलं तर मोटर उघड्यावर पडणार ना?

पडेल, म्हणून यंत्राला स्वतःवर संशय घ्यायला शिकवा. विंच चालवायचा हुकूम दिलाय आणि एक सेकंदानंतरही प्रवाह २ च्या खाली आहे, तर एकतर सोलेनॉइड लागला नाही किंवा बारीक तार तुटलीय. दोन्ही वेळा थांबायचं. कारण मोकळी फिरणारी विंचही ६ घेते. उलट हुकूम काढून घेतलाय आणि प्रवाह चालूच आहे, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. तिथे सर्किटच्या हातात भोंगा वाजवण्यापलीकडे काही नाही. हाताने फिरवायचा बॅटरी आयसोलेटर हाताला लागेल असाच ठेवा. विंच बंद असताना अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त दिसत असेल तर पाटीवर ओल आहे असं समजून ती उघडा.

खाऱ्या हवेपासून पाटी कशी वाचवायची?

तपासून झाल्यावर पाटीला कॉन्फॉर्मल कोटिंगचे दोन हात, कनेक्टरचे पिन सोडून. डबा पाणी न शिरणारा घ्या आणि तारा त्याच्या तळातून आत आणा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी आत जात नाही. तारा कथिल चढवलेल्या तांब्याच्या. साध्या तांब्याच्या तारा इन्सुलेशनच्या आत वीतभर काळ्या पडलेल्या निघतात. शंटचे जोड घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन. जोडाच्या आत नाही, वरून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बॅटरीसोबत हा डबाही घरी न्या आणि होडी पाण्यात उतरवण्याआधी शून्याचं वाचन बघा.

हेच सर्किट बिल्जपंपाला लावलं तर?

जोडणी तीच, शंट वेगळा. ३ अँपिअरच्या पंपाला १० मिलिओहमचा शंट घ्या. ३० मिलिव्होल्ट मिळतील आणि A2 ने त्यांचे दीड व्होल्ट होतील. नियम मात्र नव्याने विचार करून लावावे लागतात.

बिल्जपंप सेंट्रिफ्यूगल असतो. त्याची बाहेर जाणारी नळी चोंदली तर प्रवाह वाढत नाही, कमी होतो, कारण पंखा पाणी ढकलायचं काम करतच नसतो. कोरडा फिरला तर आणखी कमी. प्रवाह वाढतो तो पंख्यात दोरीचा धागा किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली की. म्हणून इथे वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा हव्यात. पंप बादलीभर पाण्यात चालवून नेहमीचा आकडा घ्या, मग नळी हाताने दाबून एकदा, आणि पाण्याबाहेर काढून क्षणभर एकदा. तिन्ही आकडे लिहून ठेवा, मर्यादा त्यांच्या मधे बसवा.

आणि या पंपाला कायमचं बंद कधीच करू नका. विंच बंद पडली तर नांगराचा दोर कापून घरी येता येतं. बिल्जपंप वाचवायला म्हणून बंद केला आणि होडी भरली, तर वाचवलेला पंप तळाला जाईल. पंप अडकला तर तोडा, भोंगा वाजवा, एका मिनिटाने पुन्हा दोन सेकंद चालवून बघा, आणि हे बॅटरी असेपर्यंत चालू ठेवा. अडकलेला धागा दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला कधीकधी सुटतो. शिवाय सर्किटला पूर्ण वळसा घालून पंप थेट बॅटरीवर चालवणारा, फ्यूजसकट वेगळा स्विच ठेवा.